लांबट, अरुंद हॉल आणि दोन्ही भिंतींना दारं: फर्निचर कसं लावायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला नेहमीचा हॉल समोर धरून ही उत्तरं लिहिली आहेत. रुंदी साधारण १० फूट, लांबी १८ ते २० फूट. एका लांब भिंतीत मुख्य दार आणि पुढे बेडरूमचं दार, समोरच्या लांब भिंतीत किचन आणि पॅसेज, टोकाला बाल्कनी. तुमच्या घरात डावं-उजवं उलट असेल तर उत्तरंही तशीच उलटी वाचा. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एकाचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात अडकलेलं असतं.

१. हॉल १९० स्क्वेअर फूट आहे, तरी सामान ठेवल्यावर चालायला जागाच उरत नाही. असं का होतं?

कारण तो हॉल फक्त हॉल नाही, घराचा रस्ताही आहे. मुख्य दारातून किचनमध्ये, किचनमधून बेडरूममध्ये, पॅसेजमधून बाल्कनीत जाणारा प्रत्येक माणूस याच खोलीतून जातो. चौरस हॉलमध्ये हा रस्ता कडेकडेने निघून जातो. लांबट हॉलमध्ये दारं समोरासमोरच्या भिंतींत असली की रस्ता या भिंतीवरून त्या भिंतीकडे नागमोडी जायला लागतो आणि प्रत्येक वळणावर एकेक कोपरा निकामी करतो.

म्हणून सोफा आधी घेऊन मग तो कुठे बसतो ते बघायचं, हा क्रम इथे चालत नाही. आधी रस्ता ठरवायचा. ज्या लांब भिंतीतली दारं दिवसभरात जास्त वापरली जातात (बहुतेक घरांत ती किचन आणि पॅसेजची असतात), त्या भिंतीच्या कडेने रस्ता सरळ न्यायचा. खोल सामान, म्हणजे सोफा, दिवाण, कपाट, समोरच्या भिंतीला लावायचं. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर फक्त उथळ वस्तू: टीव्ही, सव्वा फुटाच्या आतलं युनिट, भिंतीवरची फळी. मुख्य दार पलीकडच्या भिंतीत असेल तर हॉल एकदाच ओलांडावा लागतो, आणि तो दाराजवळच ओलांडून घ्यायचा. सोफा आणि टीव्हीच्या मधून तिरकं जाणं टळलं की अर्धं काम झालं. याचं मापांसकट उदाहरण चौथ्या प्रश्नात आहे.

२. चालायला नक्की किती जागा सोडायची?

मुख्य रस्त्याला ३ फूट. समोरून कोणी आलं तर एकाने जरा अंग चोरायचं, एवढी ही जागा. जिथे दिवसातून दोन-चारदाच एखादा माणूस जातो, जसं बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या झाडांकडे, तिथे अडीच फूट पुरतात. दोन फुटांत माणूस जातो, पण धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जाताना ती गुडघ्यावर आपटते.

सोफा आणि सेंटर टेबल यांच्यात १६ ते १८ इंच ठेवा. त्याहून कमी असेल तर उठताना नडग्या लागतात, जास्त असेल तर कप ठेवायला दरवेळी पुढे वाकावं लागतं. जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून मागे अडीच फूट असले तर खुर्ची ओढून बसता येतं. बसलेल्या माणसाच्या मागून दुसऱ्याला ये-जा करायची असेल तर साडेतीन फूट लागतात. हा एक फुटाचा फरक लोक हमखास विसरतात आणि मग वाढणारी व्यक्ती दर पोळीला ‘जरा पुढे सरक’ म्हणत राहते.

३. मापं कशी घ्यायची? बिल्डरने दिलेला प्लॅन आहे, तो चालेल का?

सोफा निवडण्यापुरता अंदाज म्हणून चालेल, ऑर्डर देण्यासाठी नाही. प्लॅनमधलं माप आणि प्लॅस्टर, टाइल, स्कर्टिंग झाल्यावरचं माप यांत फरक पडतो, आणि कोपऱ्यातले कॉलम प्लॅनवर दिसले तरी ते किती पुढे आलेत याकडे आपलं लक्ष नसतं. सोफा कॉलमला अडला की भिंतीपासून तेवढाच पुढे येतो आणि रस्ता तेवढाच कमी होतो.

टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत, कारण सामान तिथेच टेकतं. मग एका आखूड भिंतीपासून सुरुवात करून दोन्ही लांब भिंतींवर प्रत्येक चौकट किती फुटांवर सुरू होते आणि किती फुटांवर संपते ते लिहा. दाराचं पान कोणत्या बाजूला उघडतं तेही. स्विचबोर्ड, टीव्हीचा पॉइंट, पंख्याचे हूक, एसीचा पाइप बाहेर जातो ते भोक, हे सगळं त्याच कागदावर हवं.

चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे ६ इंच धरलं तर १० बाय १९ चा हॉल २० बाय ३८ घरांत बसतो. सोफा, टेबल वेगळ्या कागदावर त्याच मापाने कापून त्यावर सरकवून बघा. शेवटी मात्र जमिनीवरच खात्री करा: वर्तमानपत्रं जोडून सोफ्याच्या मापाचा चौकोन करा, मास्किंग टेपने चिकटवा आणि दोन दिवस घरच्यांना तसंच वावरू द्या. कागद ज्या कोपऱ्यावर फाटेल तिथून रस्ता जातो.

४. एक हॉल मांडून दाखवा ना, मापांसकट.

१० बाय १९ फुटांचा हॉल घेऊ. सगळी अंतरं मुख्य दाराकडच्या आखूड भिंतीपासून मोजली आहेत. त्या भिंतीत दार-खिडकी काही नाही. डाव्या लांब भिंतीत मुख्य दार १ ते साडेचार फुटांवर आणि बेडरूमचं दार १३ ते १६ वर. उजव्या भिंतीत किचन ५ ते ८ वर आणि पॅसेजचं तोंड १४ ते १७ वर. समोरच्या टोकाला बाल्कनीचं ६ फुटी सरकतं दार.

आता मोकळी भिंत कुठे सलग सापडते ते बघू. डावीकडे साडेचार ते १३ म्हणजे साडेआठ फूट, उजवीकडे ८ ते १४ म्हणजे ६ फूट. जास्त वापराची दारं उजवीकडे आहेत, म्हणून रस्ता उजवीकडून आणि सोफा डावीकडे.

साडेसहा फुटी तीन सीटर सोफा डाव्या भिंतीला ६ ते साडेबारा फुटांवर बसतो. बेडरूमच्या चौकटीला अर्धा फूट मोकळा राहतो, आणि तो लागतोच: सोफ्याचा हात चौकटीला चिकटला तर बेडरूममधून बाहेर पडणाऱ्याचा कोपर रोज त्याला घासतो आणि वर्षभरात कापड तिथेच काळं पडतं. मुख्य दार आणि सोफा यांच्यामधल्या दीड फुटात उभं, उथळ चपलांचं कपाट मावतं, तिरपे कप्पे असलेलं. त्याची खोली सात-आठ इंचच असते.

उजवीकडे ८ फूट ६ इंचांपासून पाच फुटी टीव्ही युनिट, खोली सव्वा फूट. टीव्ही मात्र युनिटच्या मधोमध टांगायचा नाही. सोफ्याचा मध्य ९ फूट ३ इंचांवर आहे, तेव्हा टीव्हीचा मध्य १० फुटांच्या आसपास धरला की मान फार वळवावी लागत नाही. ४३ इंची टीव्ही या हिशोबात किचनच्या चौकटीला न लागता बसतो. त्याहून मोठा हवा असेल तर त्याचा मध्य तेवढा बाल्कनीकडे सरकवावा लागेल.

रुंदीचा हिशोब असा: सोफा पावणेतीन फूट, पुढे १६ इंच मोकळे, मग २० इंचांचं अरुंद सेंटर टेबल, मिळून ५ फूट ९ इंच. पलीकडून युनिटचा सव्वा फूट वजा केला की मध्ये बरोबर ३ फूट उरतात. तोच रस्ता. किचनमधून निघालेला माणूस युनिटच्या कडेने सरळ पॅसेजमध्ये जातो आणि बाल्कनीचं दार उजव्या पल्ल्याने उघडत असेल तर तसाच पुढे बाल्कनीत. टीव्हीसमोरून जाणं होतंच, या रुंदीत ते टळत नाही, पण ते क्षणभराचं असतं.

जेवणाचं टेबल दाराकडच्या आखूड भिंतीला, उजव्या कोपऱ्यात. चार बाय अडीच फुटांचं, लांब बाजू भिंतीला लावून. पुढच्या बाजूच्या दोन खुर्च्या मागे ओढल्या की पाच फुटांपर्यंत येतात आणि किचनची चौकट तिथेच सुरू होते, म्हणजे जेमतेम निभतं. तिसरी खुर्ची टेबलाच्या डाव्या टोकाला. मुख्य दाराचं पान आखूड भिंतीच्या बाजूला उघडतं असं धरलं तर ते साडेतीन फूट आत येतं आणि मागे ओढलेल्या या खुर्चीपाशी थांबतं. चौथं माणूस जेवायला आलं की टेबल दोन फूट बाहेर ओढायचं आणि भिंतीकडे स्टूल ठेवायचं. तेवढा वेळ किचनचं तोंड अडतं, म्हणून भांडी आधीच टेबलावर आणून ठेवायची. रोज चार माणसं जेवत असतील तर ही मांडणी तुम्हाला जाचेल. मग तीन फुटी चौकोनी टेबल किंवा भिंतीला घडी होणारं टेबल बघा.

राहिला बाल्कनीजवळचा डावा कोपरा, ३ फूट भिंतीचा. तिथे एक सिंगल खुर्ची आणि बाजूला उभा दिवा. सोफ्यावरच्या माणसाशी बोलता येईल अशी खुर्ची थोडी वळवून ठेवा. वाचायला घरातली सर्वांत चांगली जागा हीच असते.

५. सेंटर टेबल ठेवायचंच का?

१० फूट रुंदीत २० इंचांपर्यंतचं ठेवता येतं, हे वर आलंच आहे. दुकानातली बरीचशी टेबलं २४ इंच किंवा त्याहून रुंद असतात, ती घेतलीत तर रस्ता पावणेतीन फुटांच्याही खाली जातो. साडेनऊ फुटांहून कमी रुंदी असेल तर सेंटर टेबलाचा नाद सोडा. सोफ्याच्या हाताशेजारी एक उंच, लहान साइड टेबल आणि पाहुणे आले की एकात एक जाणारी दोन स्टुलं, एवढं पुरतं. काचेचं टेबल अशा हॉलमध्ये नकोच. रस्त्याला लागून असतं आणि रात्री दिवा न लावता पाणी प्यायला जाणाऱ्याला दिसत नाही.

६. दार उघडलं की पान सोफ्याला आपटतं. काय करावं?

पान जेवढं रुंद, तेवढ्या त्रिज्येचं पाव वर्तुळ जमिनीवर खडूने काढा. त्यात काहीही ठेवता येणार नाही, चपलांचं कपाटसुद्धा. मग पान कोणत्या बाजूला उघडतं ते बघा. ते कोपऱ्याच्या भिंतीकडे उघडत असेल तर जागा वाया जात नाही, खोलीच्या मध्याकडे उघडत असेल तर सोफ्याचे दोन-तीन फूट हातचे जातात. सुतार बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला बसवून देतो. जुन्या खाचा बुजवाव्या लागतात आणि कुलपाची जागा बदलते, पण अर्ध्या-एक दिवसाचं काम आहे. मुख्य दाराला बाहेरून सेफ्टी डोअर असेल तर दोन्हींचं हँडल एकाच बाजूला यायला हवं, नाहीतर सामान हातात घेऊन दारात कसरत होते.

किचनला दार असलं तरी बहुतेक घरांत ते कायम उघडंच असतं आणि त्याच्या मागची भिंत फुकट जाते. ते पान काढून माळ्यावर ठेवून द्या. पॅसेजचं तसंच. बेडरूमच्या दाराच्या बाबतीत मात्र असं करता येत नाही, आणि ते सहसा आतच उघडतं.

७. एल आकाराचा सोफा बसेल का?

बसतो, पण एकाच ठिकाणी. लांब बाजू भिंतीला आणि पाय पसरायची बाजू रस्त्याच्या उगमापासून दूर, म्हणजे बाल्कनीकडच्या टोकाला. ही बाजू साधारण ५ फूट पुढे येते. १० फुटांतून ५ फूट आणि युनिटचा सव्वा फूट गेला की पावणेचार फूट उरतात, म्हणजे रस्ता होतो. सेंटर टेबल मात्र त्या बाजूच्या कुशीतच राहील, पुढे येणार नाही. हीच बाजू मुख्य दाराकडे आली तर घरात शिरणाऱ्याला आधी सोफ्याला वळसा घालावा लागतो.

चौथ्या प्रश्नातल्या हॉलमध्ये बेडरूमचं दार १३ फुटांवर आहे, आणि पुढे आलेल्या बाजूमुळे बेडरूममधून बाहेर पडताना लगेच उजवीकडे वळता येत नाही, आधी सरळ पुढे यावं लागतं. अशा घरात मी एल न घेता तीन सीटर आणि एक पुफ घ्यायला सांगेन. पुफ सरकवता येतो.

ऑर्डर देताना ‘उजवा एल’ किंवा ‘डावा एल’ एवढंच सांगू नका. कोणी सोफ्यावर बसून उजवं म्हणतं, कोणी समोर उभं राहून. कागदावर काढून, दार आणि बाल्कनी दाखवून द्या आणि त्या कागदावर दुकानदाराची सही घ्या.

८. टीव्ही कोणत्या भिंतीवर, आणि किती इंची?

लांब भिंतीवर. बाल्कनीच्या समोरच्या आखूड भिंतीवर लावला तर दुपारी पडद्यावर बाल्कनीच दिसते, आणि सोफा आडवा टाकावा लागतो तो वेगळाच (नववा प्रश्न). बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीवर लावला तर मागून येणाऱ्या उजेडाने डोळे दुखतात. लांब भिंतीवर उजेड कडेने येतो, एका साध्या जाड पडद्याने तो आवरता येतो.

अंतराचा ढोबळ हिशोब असा की टीव्हीचं इंचांतलं माप दीडपट ते दुप्पट करायचं. ४३ इंचीला साडेपाच ते सात फूट, ५५ इंचीला सात ते नऊ फूट. सोफा भिंतीला लावला की १० फुटी हॉलमध्ये डोळा आणि पडदा यांच्यात साधारण ८ फूट पडतात, म्हणजे ५५ इंची डोळ्यांना चालतो. पण त्याची रुंदी ४ फूट असते. दोन चौकटींच्या मधे तेवढी भिंत आहे का, हे आधी बघा.

९. सोफा आडवा टाकून हॉलचे दोन भाग केले तर?

लांबी तोडायला हा उपाय उत्तम, आणि ११-१२ फूट रुंदी असेल तर मीही तोच सांगते. १० फुटांत सहा फुटी सोफा आडवा टाकला की एका बाजूला चार फूट उरतात, रस्ता होतो. अडचण येते ती टीव्हीची आणि दारांची. सोफ्याचं तोंड मुख्य दाराकडे केलं तर किचनची सगळी ये-जा तुमच्या आणि टीव्हीच्या मधून होते. तोंड बाल्कनीकडे केलं तर टीव्हीला भिंत नाही.

तेव्हा टीव्ही बेडरूममध्ये असेल किंवा नसेलच, आणि हॉल गप्पांसाठी असेल, तरच हे करा. सोफ्याची पाठ मुख्य दाराकडे आली तर पाठीमागे कंबरेएवढं अरुंद रॅक लावा. पुस्तकं, किल्ल्या, बिलं तिथे जातात आणि दारातून सोफ्याची उघडी पाठ दिसत नाही.

१०. आमची दोन दारं लांब भिंतींच्या बरोबर मधोमध, समोरासमोर आहेत. मग?

अशा हॉलला पहिल्या प्रश्नातला नियम लागू होत नाही, कारण इथे रस्ता लांबीने जातच नाही, मधून आरपार जातो. म्हणून एकच बैठक करायचा हट्ट सोडायचा. मधला साडेतीन फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवा. त्यावर गालिचाही नको, स्टूलही नको. १९ फुटी हॉलमध्ये दोन्ही बाजूंना पावणेआठ फूट लांबीची दोन छोटी दालनं मिळतात.

बाल्कनीकडचा भाग बैठकीला, दुसरा जेवणाला. बैठकीत तीन सीटर सोफा लांब भिंतीला लावला की साडेसहा फुटांत मावतो, समोर टीव्ही. तीन अधिक दोनचा सेट इथे बसत नाही, दोन सीटर नेमका पट्ट्यात येतो. अभ्यासाचं टेबल हवं असेल तर ते जेवणाच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.

११. हॉल फक्त ८ फूट रुंद आहे.

जुन्या इमारतींमध्ये आणि वन बीएचकेमध्ये असे हॉल पुष्कळ. सोफ्याची खोली इथे सगळं ठरवते. पावणेतीन-तीन फुटांच्या गुबगुबीत सोफ्याऐवजी अडीच फुटांचा, बारीक हातांचा, पायांवर उचललेला सोफा घ्या. टीव्ही भिंतीवर, खाली युनिट नाही. साडेपाच फूट मोकळे मिळतात, आणि त्यात मध्ये काहीही ठेवायचं नाही. टीव्हीची वायर भिंतीवर पट्टीत बंद करा. सेट टॉप बॉक्ससाठी सहा इंचांची फळी पुरते.

१२. गालिचा, आरसा, रंग याने हॉल रुंद दिसतो का?

थोडाफार. लांबलचक पट्ट्यासारखा गालिचा मात्र हॉल आणखी लांबट दाखवतो. गालिचा फक्त बैठकीखाली, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील असा, आणि त्याची कड रस्त्याच्या मधोमध येणार नाही असा. आरसा लांब भिंतीवर, बाल्कनीचा उजेड घेईल तिथे. टोकाच्या आखूड भिंतीला जरा गडद रंग दिला की ती जवळ आल्यासारखी वाटते. टाइल नव्याने बसवत असाल तर सांधे आडवे, रुंदीच्या दिशेने दिसतील असं बघा.

१३. पंख्याचे हूक बिल्डरने लावलेत तिथेच आहेत आणि सोफा नेमका मधे येतो.

लांब हॉलला बहुतेक दोन हूक असतात, एक दाराकडे, एक बाल्कनीकडे. मधल्या सोफ्यावर दोन्हींचं अर्धवट वारं येतं. फर्निचर पंख्याच्या मागे पळवू नका, रस्ता बिघडतो. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर किंवा सोफ्याच्या टोकाकडे भिंतीवरचा पंखा लावा. एसी घेणार असाल तर तो आखूड भिंतीवर, हॉलच्या लांबीने वारं फेकेल असा. लांब भिंतीवर लावला तर गार झोत समोरच्या माणसाच्या तोंडावर येतो आणि टोकं गरमच राहतात.

१४. आजोबा वॉकर घेऊन चालतात. काय बदलायचं?

रस्ता ३ फुटांचा, पण पूर्ण लांबीभर अखंड, कुठेही अडीच नाही. सेंटर टेबल काढून टाका. गालिचाही. बेडरूममधून संडास-बाथरूमकडे जाणारा जो तुकडा हॉलमधून जातो, तो रात्री उजेडात हवा. पॅसेजच्या तोंडाशी स्कर्टिंगजवळ प्लगला लागणारा छोटा दिवा पुरतो. त्यांची बसायची जागा बेडरूमच्या दाराजवळच्या टोकाला द्या, आणि सोफा खोल असेल तर तिथे हातांची, १८ इंच उंचीची कडक खुर्ची. व्हीलचेअर असेल तर वळायला कुठेतरी ५ फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. चौथ्या प्रश्नातल्या हॉलमध्ये ते बेडरूमच्या दारासमोर मिळतं.

१५. पाहुणे झोपायला येतात. दिवाण ठेवू की सोफा-कम-बेड?

दिवाण. सहा बाय अडीच-तीन फुटांचा, भिंतीला लावलेला, खाली गाद्या-उशा ठेवायला कप्पा. बसायला पाठीशी लोड लावले की सोफ्याचं काम भागतं. सोफा-कम-बेड पुढे उघडतो आणि रात्रभर तुमचा रस्ताच अडवतो. पहाटे पाण्याची मोटर लावायला उठणाऱ्याला पाहुण्यांच्या पायांवरून जावं लागतं. घ्यायचाच असेल तर दुकानात तो पूर्ण उघडून पुढची लांबी मोजा.

१६. गणपतीत मखर कुठे मांडायचं?

दाराकडच्या आखूड भिंतीला, जेवणाच्या टेबलावरच. चार बाय अडीच फुटांचं टेबल दीड दिवसाच्या किंवा पाच दिवसांच्या घरगुती मूर्तीला आणि मखराला पुरतं. आरतीला माणसं हॉलच्या लांबीत मागे मागे उभी राहतात, नैवेद्य किचनमधून चार पावलांवर आणि बेडरूमकडचा रस्ता मोकळा. तेवढे दिवस जेवण पंगतीने, सेंटर टेबल बेडरूममध्ये. दाराजवळचा पंखा आरतीच्या वेळी बंद ठेवावा लागतो, नाहीतर निरांजन टिकत नाही. मूर्ती आत आणताना दाराचं पान पूर्ण उघडतंय ना, हे टेबल सरकवायच्या आधी बघा.

१७. भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही.

टीव्ही उथळ युनिटवर उभा ठेवा, भिंतीला चिकटवून. घडीच्या टेबलाऐवजी दोन्ही पाखं खाली पडणारं पायांचं टेबल मिळतं. मोठं सामान कमी आणि सुटं घ्या. दोन दोन सीटर तीन सीटरपेक्षा पुढच्या घरात सहज बसतात.

१८. वास्तूनुसार सोफा अमुक दिशेलाच हवा असं सांगितलंय.

तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. दोन भिंतींपैकी दिशा सांगितलेली भिंत रस्त्याची निघाली तर बसायला दोन हलक्या खुर्च्या त्या बाजूला ठेवून बघा. मोठा सोफा तिथे गेला तर रोजचा त्रास वाढेल, एवढंच सांगू शकते.

१९. सोफा आवडला, पण लिफ्टमध्ये जाईल का?

हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. मुख्य दाराची चौकट ३ फुटांची असली तरी पान उघडून धरलं की मोकळी जागा दोन-तीन इंचांनी कमी भरते, आणि सेफ्टी डोअरचं हँडल आणखी खातं. सोफ्याची खोली आणि उंची यांपैकी लहान असलेलं माप त्या मोकळ्या जागेपेक्षा कमी हवं. पाय निघत असतील तर उंचीतून तेवढे वजा करा. लिफ्टमध्ये तीन सीटर उभाच न्यावा लागतो, म्हणून लिफ्टची उंची मोजा, नुसती रुंदी नव्हे. जिन्याने न्यायचा असेल तर वळणावरचं लँडिंग बघा, आणि दारातून आत आल्यावर १० फुटांत तो वळतो का तेही. मुख्य दारासमोरच किचनची भिंत असेल तर सोफा सरळ आत येऊन तिथे अडतो. तेव्हा जेवणाचं टेबल डिलिव्हरीच्या दिवशी बेडरूममध्ये ठेवा.